फरशीच्या एका चौकोनात पीटीचा तास

शाळा फोनवर आली तेव्हा गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांच्या हाताशी निदान पाठ्यपुस्तक तरी होतं. माझ्याकडे पाचवी-सहावीचं शारीरिक शिक्षण होतं आणि त्याचं सगळं सामान शाळेतच कुलपात राहिलं होतं: चेंडू, दोऱ्या, मॅट, शंकू, आणि ज्याला कुलूप लावता येत नाही ते मैदानही. मुलं लहान लहान फ्लॅटमध्ये होती. एका खोलीत चार-पाच माणसं, कुणाचं काम चाललेलं, कुणाचा अभ्यास, कुणी झोपलेलं. दर आठवड्याला एक कृतिपत्रिका पाठवायची, ती मुलांनी घरी करायची आणि केल्याची नोंद ठेवायची, एवढं शाळेत ठरलं. त्या पत्रिकेत काय असावं, हे मला ठरवायचं होतं.

त्या काळात अशा पत्रिका भरपूर फिरत होत्या. मी बऱ्याच वाचल्या. जवळपास सगळ्यांत जागेवर धावणं, जंपिंग जॅक, बर्पी आणि ‘दोरी हातात आहे असं समजून’ उड्या होत्या. साहित्य लागत नाही हे खरं, पण त्या सगळ्यांत न लिहिलेल्या दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे हात दोन्ही बाजूंना पूर्ण पसरायला जागा आहे. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे भरतात, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला जंपिंग जॅकसाठी सव्वा ते दीड मीटर रुंद मोकळी फरशी लागते, आणि उडीत थोडं सरकायला आणखी थोडी. दुसरं म्हणजे आवाज चालतो. वरच्या मजल्यावर मारलेली उडी खालच्या घराच्या छतावर वाजते. हवेतून येणारा आवाज दार बंद करून कमी होतो, पण पायाचा दणका थेट स्लॅबमधून खाली जातो. वर सतरंजी टाकली तरी तो फारसा थांबत नाही.

म्हणून व्यायाम निवडण्याआधी मी मुलांना पाच प्रश्न पाठवले. जागा फुटांत किंवा मीटरमध्ये मोजायला सांगितली नाही, कारण टेप सगळ्यांकडे नसतो, आणि माझ्या कामाचं मापही ते नव्हतं. माप शरीराचंच घेतलं. दोन्ही कोपरं बाहेर काढून स्वतःभोवती एक चक्कर मारता येते का? एक मोठं पाऊल मागे टाकून मागचा गुडघा जमिनीजवळ नेता येतो का? पाठीवर झोपून हात डोक्यामागे ताणता येतात का? चौथा प्रश्न, तुमच्या घराच्या खाली कुणी राहतं का? पाचवा, घरात कुणी झोपलेलं नसतं आणि फोन तुमच्या हातात असतो अशी वेळ कोणती?

पहिल्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं. दुसऱ्याला बऱ्याच जणांनी. तिसऱ्याशी अनेक जण अडले, कारण फरशी पलंगाखाली गेलेली होती, किंवा अंथरुणं गुंडाळल्यावरच मोकळी होत होती. पण पत्रिकेचं रूप सगळ्यात जास्त बदललं ते शेवटच्या दोन उत्तरांनी. खाली कुणी राहत नाही अशी मुलं फारच थोडी होती. पाचव्या प्रश्नाला एका मुलीने लिहिलं होतं, “बाई, अशी वेळ नाही.” तिची आई रात्रपाळी करून सकाळी घरी यायची आणि दुपारपर्यंत त्याच खोलीत झोपायची. संध्याकाळी फोन मोठ्या भावाकडे. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये कोपरं जेमतेम न घासता वळता येईल एवढी जागा. मी ठरवलं की पत्रिका आधी या मुलीसाठी लिहायची. तिला जमली तर बाकीच्यांना जमेल.

त्या उत्तरांवरून जागेचे तीन प्रकार केले आणि मुलांना कळतील अशी नावं दिली: उभी जागा, पावलाची जागा, आडवी जागा. प्रत्येक व्यायाम या तिन्हींत लिहायचा, म्हणजे मुलाने आपली जागा ओळखायची आणि तीच ओळ वाचायची. इथे एक गोष्ट मी सुरुवातीपासून धरून होते. जागा कमी आहे म्हणून व्यायाम सोपा होता कामा नये. तीन ओळी लिहिल्या की हात आपोआप घसरतो, उभ्या जागेत हलकं काहीतरी आणि आडव्या जागेत खरा व्यायाम असं होऊन बसतं. मग लहान घरातल्या मुलाला आठवड्यामागून आठवडे हलकंच मिळत राहतं. म्हणून जागा आणि काठिण्य मी वेगळं ठेवलं. ओळ जागेवरून निवडायची, आणि अवघड किती करायचं ते वेगाने ठरवायचं.

वेगाने म्हणजे खरं तर संथपणाने. व्यायाम जड करायचे नेहमीचे मार्ग तीन: अंतर वाढवा, वेग वाढवा, वजन वाढवा. खोलीत अंतर नाही, खाली शेजारी आहेत म्हणून वेग नाही, साहित्य नाही म्हणून वजन फक्त स्वतःचं. उरतं काय? वेळ, थांबा, आणि आधार कमी करणं. बैठकच घ्या. मुलं घाईने बैठका मारतात तेव्हा एक बैठक दोन सेकंदांत होते आणि खाली गेल्यावर मांड्यांचे स्नायू स्प्रिंगसारखे परत वर फेकतात, त्यामुळे दहा बैठका वीस सेकंदांत संपतात आणि मूल धापही टाकत नाही. तीच बैठक चार मोजत खाली, दोन मोजत तिथेच थांबून आणि तीन मोजत वर अशी केली तर एकीला नऊ सेकंद लागतात. खाली थांबल्यामुळे ती फुकटची उसळी निघून जाते आणि स्नायूंना सगळा भार स्वतःच उचलावा लागतो. अशा सहा बैठकांना चौपन्न सेकंद लागतात आणि शेवटच्या दोनमध्ये मांड्या थरथरायला लागतात. पाय फरशीवरून सुटतच नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच येत नाही.

ढकलण्याच्या व्यायामालाही हेच लागू. आडवी जागा असेल तर गुडघे टेकून जोर. नसेल तर भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, तीन मोजत कोपरं वाकवून कपाळ भिंतीजवळ न्यायचं, एक मोजत थांबायचं, दोन मोजत मागे यायचं. सोपं वाटलं तर पाय एक पाऊलभर मागे. पाय जितके मागे तितका शरीराचा भार हातांवर जास्त येतो. याच ठिकाणी पत्रिकेत मी ठळक अक्षरांत सूचना लिहिली, कारण धोका खरा होता: भिंत म्हणजे भिंतच, कपाटाचं दार नाही, काच नाही, सरकता दरवाजा नाही; पाय अनवाणी आणि कोरडे. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून पाय मागे नेले की ते सरकतात आणि मूल तोंडावर येतं. खुर्चीचा वापर मी कुठेच केला नाही. प्लास्टिकची हलकी खुर्ची हात टेकवल्यावर सरकते किंवा कलंडते, आणि घरात खुर्ची कोणती आहे ते मला दिसत नव्हतं.

आता सगळ्यात कठीण भाग. मैदानावर मी मुलाच्या शेजारी उभी असते. गुडघा आत पडला, कंबर झुकली, टाच उचलली गेली की दिसतं आणि हाताने नीट करता येतं. घरी मी नव्हते. व्हिडिओ मागवावा असं काहींनी सुचवलं. मी मागवला नाही. मुलांच्या मागे घर दिसतं, घरातली माणसं दिसतात, आणि जी मुलं वर्गातही कॅमेरा बंद ठेवत होती ती व्यायामाचा व्हिडिओ काय पाठवणार? त्याऐवजी प्रत्येक व्यायामाला एक अशी खूण जोडायची ठरवली, जी मुलाला आरशाशिवाय आणि माझ्याशिवाय स्वतःच तपासता येईल.

बैठकीची खूण टाच. खाली जाताना टाच फरशीवरून उचलली गेली की तिथेच थांबायचं, आज तुम्हाला तेवढंच खाली जायचं. दुसरी खूण अंगठा. खाली मान घालून बघितलं तर दोन्ही पायांचे अंगठे दिसले पाहिजेत. गुडघा आत पडला की त्या पायाचा अंगठा गुडघ्याआड जातो. प्लँकसाठी मी वही वापरली: कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर सरळ धरायचं आणि घरातल्या कुणाला तरी कमरेवर एक वही आडवी ठेवायला सांगायचं. कंबर एका बाजूला कलली की वही सरकते. पण कंबर खाली पडली तरी वही राहू शकते, म्हणून तिथे दुसरी खूण लागली: पोट आवळलेलं राहिलं पाहिजे आणि कमरेत चमक जाणवली तर लगेच गुडघे टेकायचे. भिंतीवरच्या जोरांची खूण आधी काय पोचतं ही. कपाळाआधी पोट भिंतीकडे गेलं तर शरीर वाकलंय.

भिंतीला पाठ टेकवून अदृश्य खुर्चीवर बसायचा व्यायाम मुलांना फार आवडला. पाठ भिंतीला सरकवत खाली यायचं आणि गुडघे काटकोनाच्या जवळ आले की तिथेच धरायचं. हाही उभ्या जागेत बसतो, पाय फक्त दोन वितींएवढे पुढे जातात. इथे एक गोष्ट सांगावी लागते जी मुलांना आपोआप कळत नाही. एका जागी ताणून धरायच्या व्यायामात मूल श्वास रोखतं. रोखलेल्या श्वासाने रक्तदाब चढतो आणि सोडल्यावर गरगरू शकतं. ‘श्वास रोखू नका’ एवढं लिहून उपयोग होत नाही, मूल ते पाचव्या सेकंदाला विसरतं. म्हणून नियम केला की सेकंद मोठ्याने मोजायचे. बोलताना श्वास रोखताच येत नाही, आणि घड्याळही लागत नाही. घाईने मोजलं जाऊ नये म्हणून ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायला सांगितलं. एवढं म्हणायला साधारण एक सेकंद जातो. त्या मुलीसाठी मोठ्याने मोजणं शक्य नव्हतं. तिला लिहिलं, ओठांतल्या ओठांत पुटपुट, पण श्वास बाहेर पडतोय हे तळहात तोंडासमोर धरून एकदा बघ.

हृदय आणि फुप्फुसांचं काम मात्र या संथ व्यायामांनी पुरेसं होत नाही. ते वेगळं आणावं लागतं. उड्यांशिवाय दम लागावा यासाठी मी जागेवरची शांत कवायत घेतली. तळवे कमरेच्या उंचीवर पुढे धरायचे, प्रत्येक गुडघा तळव्याला लागला पाहिजे, आणि पाय खाली येताना आधी चवडा, मग टाच. सपाट पाऊल टाकलं तर फटका बसतो आणि आवाज येतो, चवड्यावर उतरलं तर येत नाही. गुडघा खरोखर कमरेपर्यंत गेला तर अर्ध्या मिनिटातच श्वास वाढतो. मग तळवे सोडून हात समोर, वर, समोर असे ठोशासारखे मारले की आणखी वाढतो, आणि त्यालाही बाजूची जागा लागत नाही.

दम किती लागला ते मोजायचं कसं? नाडी मोजून बघितली. शांत बसलेल्या मुलाला ती जमते, पण व्यायामानंतर मुलांची नाडी मिनिटाला दीडशेच्या घरात गेली की सेकंदाला अडीच ठोके होतात, आणि धापा टाकणारं दहा वर्षांचं मूल ते मोजताना हरवतं. आलेले आकडे इतके विसंगत होते की त्यातून काही काढता आलं नाही. मग बोलण्याची कसोटी ठेवली. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम कष्ट. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोमदार कष्ट. गाणं आरामात म्हणता येतं, तर गुडघे आणखी वर घ्या. ही कसोटी व्यायामशास्त्रात मोठ्यांसाठीही वापरतात, आणि तिला काहीच लागत नाही.

तोल हा असा एक भाग आहे जिथे लहान घराचा काहीच तोटा होत नाही, त्यामुळे त्यावर मी हात राखून लिहिलं नाही. एका पायावर उभं राहायला पावलाएवढी फरशी लागते. आपला तोल डोळे, आतला कान, आणि तळपाय व सांधे यांच्याकडून येणाऱ्या जाणिवेवर चालतो. त्यातलं एकेक काढून घेत गेलं की व्यायाम अवघड होत जातो. पहिल्या आठवड्यात डोळे उघडे, नजर एका ठिपक्यावर. मग उभ्या उभ्या मान हळू डावीकडे-उजवीकडे. मग डोळे बंद, पण एक बोट भिंतीला टेकलेलं. मग बोट भिंतीपासून केसभर दूर, म्हणजे तोल गेला तर भिंत तिथेच आहे. डोळे मिटण्याची पायरी फक्त भिंतीजवळ आणि पलंगाच्या कोपऱ्यापासून दूर, हेही लिहिलं. वर्गात धावण्यात मागे पडणारी काही मुलं इथे सगळ्यांच्या पुढे गेली आणि त्यांनी पानं भरभरून नोंदी केल्या.

झेलण्यासाठी मोज्यांची एक जोडी गुंडाळून गोळा करायचा. तो टप्पा खात नाही, काही फोडत नाही, पडला तर वाजत नाही. फेक भुवयांच्या उंचीपर्यंतच, वर पंखा असो वा नसो, कारण कमी उंचीच्या फेकीत वेळ कमी मिळतो आणि झेलणं उलट अवघड होतं. एका हाताने वर, त्याच हाताने झेल. मग मधे एक टाळी. मग डाव्या हाताने. आवाज नको असेल तर टाळीऐवजी हात मांडीला लावायचे. पलंगाकडे तोंड करून उभं राहायचं ही युक्ती त्याच मुलीची. सुटलेला गोळा पलंगावर पडतो, खाली वाकून शोधावा लागत नाही. पुढच्या पत्रिकेत मी ती सगळ्यांसाठी लिहिली.

तिचा एक पूर्ण दिवस मांडून दाखवते. सुरुवातीला खांदे, कंबर, घोटे फिरवणं आणि हळू कवायत, मिळून दोन-तीन मिनिटं. मग फेरी. शांत कवायत तीस मोजेपर्यंत. भिंतीवरचे जोर आठ, प्रत्येक सहा सेकंदांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंद. बैठका सहा, म्हणजे चौपन्न. एका पायावर वीस-वीस मोजून चाळीस. मग तीस मोजेपर्यंत उभ्या उभ्या विश्रांती. एक फेरी सव्वातीन मिनिटांच्या थोडी पुढे जाते. अशा तीन फेऱ्या म्हणजे दहा मिनिटं. शेवटी पोटऱ्या आणि मांड्या ताणणं. सगळं मिळून पाव तास, कोपरं बाहेर काढता येतील एवढ्या जागेत, शेजारी आई झोपलेली असताना. तिला अवघड गेलं ते भलतीकडेच. बैठकीत खाली जाताना पलंगाची कड पाठीला लागायची. तिने स्वतःच वळून पलंगाला समांतर उभं राहून बघितलं आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून पत्रिकेत पहिली ओळ अशी आली: सुरू करण्याआधी प्रत्येक हालचाल एकदा अगदी हळू करून बघा, काही लागतं का ते पाहा, लागलं तर वळून उभे राहा.

पत्रिकेचं रूपही याच घरांनी ठरवलं. सुरुवातीला रंगीत पान करायचा विचार होता. पण फोन मुलाकडे असतो तो थोडा वेळ, आणि व्यायाम करायच्या वेळी बहुतेकदा नसतोच. म्हणजे पत्रिका वहीत उतरवून घेता आली पाहिजे. त्यासाठी मी एकच कसोटी लावली: सहावीच्या मुलाला दहा मिनिटांत हाताने उतरवता येते का? त्याने निम्मा मजकूर गळाला. चित्रं काड्यांच्या माणसांची ठेवली, कारण तशीच मुलांना काढता येतात, आणि प्रत्येक हालचालीला दोनच: सुरुवात आणि शेवट. बाण एकच, हालचालीच्या दिशेचा. साध्या मजकुराचा संदेशही सोबत पाठवला, म्हणजे चित्र उघडलं नाही तरी काम अडत नाही. एका आठवड्याची पत्रिका साधारण अशी दिसायची:

```
तुमची जागा ओळखा आणि एकच ओळ करा.
ढकलणे
  उभी: भिंतीवरचे जोर ८
  पाऊल: भिंतीवरचे जोर ८, पाय एक पाऊल मागे
  आडवी: गुडघे टेकून जोर ६
मोज: ३ खाली, १ थांबा, २ वर
खूण: कपाळ आधी, पोट नंतर
थांबा जर: दुखलं, गरगरलं, छातीत दाटलं
आज काय थरथरलं? ____________
```

शेवटची ओळ नोंदीची. आधी मी ‘किती केले’ असा रकाना ठेवला होता. आलेल्या नोंदी वाचताना लक्षात आलं की आकडा काही सांगत नाही. एका मुलाच्या बैठका एकाच आठवड्यात सहावरून बारा, बारावरून वीस झाल्या होत्या. इतकी ताकद इतक्या दिवसांत येत नाही. मोजणीचा वेग वाढलेला असतो आणि मूल पूर्वीइतकं खाली जात नसतं. त्याला मी एवढंच विचारलं, “एका बैठकीला किती सेकंद लागले, ते घड्याळ लावून सांग.” उत्तर आलं, दोन. दुसरीकडे त्या मुलीच्या बैठका आठवड्याच्या मधे सहावरून चारवर आल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं, “आज टाच न उचलता खूप खाली गेले, चारच झाल्या.” नोंदवहीत मी तिचं नाव प्रगतीच्या रकान्यात लिहिलं. आणखी एक खूण हळूहळू कळायला लागली: सगळे दिवस एकाच शाईत, एकाच ओळीत, आकडे नीट चढत गेलेले असले की ते पान बहुधा रविवारी रात्री एकदम भरलेलं असतं. अशा मुलांना रागावले नाही. त्यांना आठवड्याला एकच दिवस करायला सांगितला, पण त्या दिवसाचं एक पूर्ण वाक्य मागितलं. ‘उजवी मांडी आधी थरथरली, डावी नंतर’ असं वाक्य केल्याशिवाय सुचत नाही.

घरातली माणसंही पत्रिकेत आली. धाकटं भावंडं पायात येतं, त्याला हाकलून उपयोग नसतो. त्याला मोजणीचं काम दिलं, किंवा टाचेखाली कागद सरकवून बघायचं काम: कागद आत गेला तर टाच उचललेली. हे काम पाच वर्षांचं मूल फार गांभीर्याने करतं. एका आईने निरोप पाठवला, “बाई, आता मोठीपेक्षा धाकटाच जास्त कडक आहे.”

या पत्रिकांनी काय होत नाही, हे मी शाळेतही स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोमदार हालचाल हवी, आणि आठवड्यात निदान तीन दिवस स्नायू व हाडं बळकट करणारी. माझ्या पत्रिकेतून पाव तास मिळत होता, फार तर सकाळ-संध्याकाळ दोनदा. स्नायूंचं काम त्यात बरंच निभत होतं. दम लागण्याचं काम थोडं निभत होतं. हाडांचं सगळ्यात कमी, कारण वाढत्या वयात हाडांना उड्या आणि धावण्याचा दणका लागतो, आणि नेमका तोच दणका मी शेजाऱ्यांसाठी काढून टाकला होता. तळमजल्यावरच्या मुलांसाठी आणि खालच्या घराशी बोलून वेळ ठरवलेल्यांसाठी मी एक वेगळी ओळ ठेवली: बोटभर उंचीची उडी, चवड्यावर उतरून गुडघे वाकवत, आवाज होणार नाही अशी, दहा वेळा. ही उडी लहान असली तरी उतरण्याचं तंत्र तीत पूर्ण येतं, आणि उतरणं बरोबर झालं का ते कानाला कळतं. जिन्याचा विचार मी सोडून दिला. घाईत उतरताना पाय चुकण्याची भीती होती आणि तिथे लक्ष ठेवायला कुणी नसतं. आणि पकडापकडी, संघ, प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देणं, यातलं काहीच पानावर येत नाही.

मैदान पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या आठवड्यांचं नियोजन मी या कमतरतेवरूनच केलं. मुलं धावायला आतुर होती आणि बैठका, तोल, जोर यांत पूर्वीपेक्षा बरी होती, पण पोटऱ्या आणि नडग्या दणक्याला सरावलेल्या नव्हत्या. लांब उडी आणि शर्यती मी पुढे ढकलल्या. सुरुवातीला फक्त मऊ मातीवर हलकं धावणं, एका तासात मोजक्या उड्या आणि प्रत्येक उडीनंतर उतरण्यावर लक्ष. मग दर आठवड्याला उड्या थोड्या वाढवत नेल्या. नडगीच्या पुढच्या कडेला दाबल्यावर दुखतं असं कुणी म्हटलं की त्याचं धावणं त्या आठवड्यापुरतं बंद, आणि त्याच्या हातात पुन्हा उभ्या जागेची पत्रिका.